हर्निया : थांबायचे कधी आणि धावायचे कधी?

खटाव तालुक्यातील एका वाचकाने पत्र पाठवून विचारले आहे : "माझे वय ५८. उजव्या जांघेत तीन वर्षांपासून लिंबाएवढा फुगवटा येतो. झोपले की आत जातो. दुखत नाही. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात त्रास नसेल तर राहू द्या. मी कोणाचे ऐकू?" अशी पत्रे वर्षाकाठी पाच-सहा तरी येतात. या गृहस्थांच्या बाबतीत दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. ते कसे, हे समजण्यासाठी हर्निया म्हणजे काय ते आधी पाहू.

सायकलचा टायर एखाद्या जागी झिजला की आतली ट्यूब तेथून फुगून बाहेर डोकावते. पोटाचेही तसेच आहे. पोटाच्या स्नायूंची भिंत हा टायर आणि आतडी ही ट्यूब. भिंतीत जन्मतःच काही कमकुवत जागा असतात. जांघेत पुरुषाची बीजवाहिनी जेथून बाहेर पडते ती एक, आणि गर्भाची नाळ जेथे जोडलेली असते ती बेंबी ही दुसरी. खोकला, शौचाला कुंथणे, जड ओझे, वाढलेले पोट, वारंवारची बाळंतपणे यांनी आतला दाब वाढला की त्या जागेतून आतड्याचा किंवा आतड्यावरील चरबीच्या पदराचा भाग कातडीखाली येतो. आपल्याकडे 'आतडे उतरले' म्हणतात ते हेच. जुन्या वैद्यकग्रंथांत याला अंतर्गळ असे नाव आहे.

आडवे झाल्यावर किंवा हलक्या हाताने सारल्यावर फुगवटा आत जात असेल तर त्या घडीला आतड्याला काही धोका नाही. तो जेथून बाहेर येतो ते भोक औषधाने, मालिशने किंवा आसनांनी बुजत नाही हे मात्र खरे. मोठ्या माणसात ते बुजवण्याचा उपाय ऑपरेशन हाच. प्रश्न उरतो तो ते केव्हा करायचे याचा.

आमच्या विद्यार्थीदशेत शिक्षक सांगत, हर्निया दिसला की ऑपरेशन. पुढे अमेरिकेत डॉ. फिट्झगिबन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पद्धतशीर तपासणी केली. त्यांनी ७२० पुरुष निवडले. सर्वांना जांघेचा हर्निया होता, पण त्रास नव्हता किंवा अगदी थोडा होता. निम्म्यांचे ऑपरेशन केले, निम्म्यांना केवळ लक्ष ठेवायला सांगितले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्ष ठेवणाऱ्या हजार माणसांमागे वर्षाला दोनपेक्षाही कमी जणांचा हर्निया अडकला. म्हणजे अशा पुरुषाने थांबणे सुरक्षित आहे. मात्र याच मंडळींची पुढची हकीकत २०१३ साली आली, ती दुसऱ्या डॉक्टरांची बाजू घेणारी आहे. दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी शंभरातील ६८ जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतले, बहुतेकांनी दुखू लागले म्हणून. थांबल्याने ऑपरेशन टळतेच असे नाही, पुष्कळदा ते पुढे ढकलले जाते. पुढे ढकलताना माणसाचे वय वाढते, मधुमेह किंवा हृदयविकार जोडीला येतो, हेही लक्षात घ्यावे.

हा दिलासा कोणाला लागू आहे, ते नीट वाचा. मोठ्या वयाचा पुरुष, जांघेचा हर्निया, सहज आत जाणारा आणि फारसा न दुखणारा, एवढ्यांनाच. स्त्रियांना तो लागू नाही. स्त्रीच्या जांघेतील फुगवटा कित्येकदा थोडा खाली, मांडीच्या मुळाशी असतो. तेथील वाट अरुंद व कडांनी ताठ असल्याने तो अडकण्याची भीती फार. साठीच्या पुढच्या बायका लाजेने तो लुगड्याआड झाकून ठेवतात आणि उलट्या सुरू झाल्यावरच दाखवतात. माझ्या मते स्त्रीच्या जांघेत गाठ दिसली की सर्जनला दाखवायला महिनाभरही लावू नये. तान्ह्या बाळाच्या जांघेचा हर्नियाही लवकर करून घ्यावा लागतो, तो मोठेपणी पाहू म्हणून ठेवायचा नसतो.

आता अडकणे म्हणजे काय होते ते पाहू. आतडे भोकातून बाहेर आले आणि तेथेच आवळले गेले, की प्रथम त्याच्या नीला दाबल्या जातात, कारण त्यांच्या भिंती पातळ. रक्त आत येत राहते, पण परत जात नाही. आतडे सुजते, सुजल्यामुळे फास आणखी आवळतो, आणि मग रोहिणीतील रक्तही थांबते. तेवढा भाग निळा, मग काळा पडतो आणि शेवटी फुटतो. याला चार दिवस लागत नाहीत. पहिले सहा तास फार मोलाचे. त्यानंतर आतडे कापावे लागण्याची शक्यता तासागणिक वाढत जाते.

दोन वर्षांपूर्वीचे एक उदाहरण देतो. विट्याजवळच्या गावचे बासष्ट वर्षांचे शेतकरी, यांना आपण आबा म्हणू. डाव्या जांघेत चार वर्षांपासून हर्निया, झोपले की जाणारा. त्यांचे थांबायचे ठरले होते आणि ते ठरवताना कोणत्या खुणा दिसताच निघायचे हेही मी त्यांना व त्यांच्या मुलाला समजावून सांगितले होते. एका संध्याकाळी आठच्या सुमारास त्यांनी जोंधळ्याचे पोते उचलले. नऊ वाजता पाहतात तो फुगवटा आत जाईना आणि दुखू लागला. मुलगा मुंबईला होता. शेजारच्या एका जाणत्याने तेल लावून जोर देऊन तो दाबला. मग शेक दिला. मध्यरात्री "गॅस अडकला असेल" म्हणून एरंडेल पाजले. दोन वाजता उलट्या सुरू झाल्या. सकाळी सहाला जीपमधून माझ्याकडे आणले.

फुगवटा कोंबडीच्या अंड्याएवढा, दगडासारखा ताठ, बोट लावताच आबा ओरडले. खोकायला सांगितले तर एरवी हाताला लागतो तो धक्का लागेना. पोट फुगलेले, नाडी मिनिटाला ११०, रात्रीपासून वारा सरला नव्हता. निदानाला यापेक्षा अधिक काही लागत नाही. मी तो फुगवटा सारण्याचा प्रयत्न केला नाही. तोंडाने पाणीही बंद केले, शिरेतून सलाईन सुरू केले, नाकातून नळी घालून पोटातले पाणी काढले, प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले आणि कराडच्या सर्जनना फोन करून त्याच जीपने रवाना केले. साडेनऊला ऑपरेशन सुरू झाले. सर्जननी फास सोडवला, गरम सलाईनमध्ये भिजवलेल्या घड्या आतड्यावर ठेवून वाट पाहिली. बहुतेक भाग पुन्हा गुलाबी झाला, पण चार बोटे लांबीचा तुकडा काळाच राहिला. तो कापून टोके जोडावी लागली. आतडे कापल्यावर जंतूंची भीती असते, म्हणून जाळी न बसवता टाके घालून भोक बंद केले. आबा नऊ दिवस दवाखान्यात राहिले आणि बरे झाले. ठरवून केलेल्या ऑपरेशनला एक-दोन दिवस पुरले असते. चार वर्षे थांबले म्हणून मी आबांना दोष देणार नाही. रात्री नऊ ते सकाळी सहा हे तास मात्र जायला नको होते.

यातील दोन गोष्टी विस्ताराने सांगतो. पहिली, जोराने दाबणे. घट्ट फुगवटा जोर लावून आत लोटला तर कधी आतडे फुटते, आणि कधी फासासकट आत जाते. मग बाहेर गाठ दिसत नाही, घरचे निर्धास्त होतात आणि आत आतडे कुजत राहते. त्यामुळे फुगवटा प्रथमच अडकला तर पाय किंचित दुमडून उताणे पडावे, अंग सैल सोडावे आणि काही मिनिटे पाहावे. आपोआप गेला तर ठीक, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कारण एकदा अडकलेला पुन्हा अडकतो, आणि त्यानंतर ऑपरेशन लवकर ठरवणेच शहाणपणाचे. गेला नाही तर निघावे. काही खाऊपिऊ नये, जुलाबाचे औषध घेऊ नये. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

दुसरी गोष्ट फसव्या खुणांची. कधी आतड्याची केवळ एक कड चिमटीत सापडते. तेव्हा शौचाला होते, वाराही सरतो, आणि तरी ती कड काळी पडत असते. काही तासांनी दुखणे अचानक कमी झाले आणि गाठ तशीच घट्ट असेल, तर ते बरे वाटणे नव्हे. तो भाग निर्जीव झाला असेल. गाठीवरची कातडी लाल झाली, ताप आला, तर उशीर बराच झालेला आहे असे समजावे.

बेंबीच्या हर्नियाचे थोडे निराळे आहे. तान्ह्या बाळाची बेंबी रडताना फुगते, त्याने आयाबाया घाबरतात, पण बहुतेक बाळांत ती दोन ते पाच वर्षांत आपोआप बुजते आणि क्वचितच अडकते. तिच्यावर नाणे ठेवून पट्टी बांधण्याची रीत आपल्या भागात अजून आहे. त्याने भोक लवकर बुजत नाही, कातडी मात्र चिघळते. मोठ्या माणसात, विशेषतः तीन-चार बाळंतपणे झालेल्या स्थूल स्त्रियांत, बेंबीचा हर्निया आपोआप जात नाही. तो लहान, मऊ व न दुखणारा असेल तर वजन कमी करत, सर्जनच्या सल्ल्याने थांबता येते. बेंबीचे भोक अरुंद असल्याने त्यात चरबीचा पदर अडकून बसतो. तेव्हा उलटी होत नाही, फक्त बेंबी लाल होऊन सतत दुखते, आणि तेही दवाखान्यात जाण्याचेच कारण आहे. यकृताच्या आजाराने पोटात पाणी झालेल्यांची बेंबीवरची कातडी पातळ होऊन फुटू शकते. त्यांनी घरी वाट पाहू नये.

जाळीच्या खर्चाबद्दल बरेच जण विचारतात. धुळे जिल्ह्यात दोंडाईचा येथे डॉ. टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि २००३ साली त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे युगांडात याच धर्तीची तपासणी झाली, तीत स्वस्त आणि महाग जाळीत फरक आढळला नाही. अर्थात निर्जंतुक करण्याची पद्धत काटेकोर लागते. बाजारातली मच्छरदाणी उचलून कोणी सर्जनकडे नेऊ नये.

खटावच्या वाचकांनी थांबायला हरकत नाही. पण आधी खोकला, विडी आणि लघवीला कुंथावे लागते का, हे तपासून घ्यावे, आणि सहा महिन्यांनी एकदा सर्जनना दाखवावे. पट्टा वापरायचाच असेल तर आडवे पडून फुगवटा पूर्ण आत गेल्यावर बांधावा. आमच्या भागातील पुष्कळ मंडळी गलाई व्यवसायासाठी दूर परप्रांतात राहतात, काही तर जवळ सर्जन नसलेल्या गावी. त्यांना मात्र मी सांगतो, गावी यात्रेला आलात की ऑपरेशन उरकूनच परत जा.