बोर्ड मीटिंगच्या तारखेमागचं काम

‘साहेबांचं कॅलेंडर सांभाळणे, मीटिंगा ठरवणे, प्रवासाचं बुकिंग.’ एक्झिक्युटिव्ह असिस्टंटच्या बायोडेटात बहुधा एवढंच असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं, हे कुणीही करेल. हा त्या कामावर अन्याय आहे.

मुंबईतली एक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी घेऊ. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीचे निकाल ४५ दिवसांत, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत जाहीर व्हायला हवेत आणि त्याआधी बोर्डाची मंजुरी हवी. किमान सात दिवस आधी लेखी नोटीस काढायचं काम कंपनी सेक्रेटरीचं. पण नोटिशीत कोणती तारीख घालायची, हे जुळवते असिस्टंट. ती संचालकांच्या कॅलेंडरवर दोन-तीन तारखा ‘टेंटेटिव्ह’ म्हणून धरते आणि एक पक्की झाली की उरलेल्या त्याच दिवशी सोडून देते. त्या तशाच राहिल्या तर सगळ्यांच्या दुपारी विनाकारण अडकतात.

समजा, एक संचालक लंडनला आहेत. उन्हाळ्यात आपले दुपारचे दोन म्हणजे तिथले सकाळचे साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. मग आपले दोन म्हणजे तिथले साडेआठ. नेमकी ही मीटिंग त्याच सुमारास येते. दर महिन्याचा कॉल असेल तर गुंता आणखी वाढतो: निमंत्रण मुंबईच्या वेळेनुसार असेल तर बदल लंडनला जाणवतो, लंडनच्या वेळेनुसार असेल तर आपल्याकडे कॉल अचानक तीनला सरकतो. म्हणून जाणकार असिस्टंट आउटलुकमध्ये निमंत्रण कोणत्या टाइम झोनमध्ये बनवलंय ते आधी पाहते.

मीटिंगच्या दिवशी बोर्डाआधी बहुधा ऑडिट कमिटी बसते आणि ती लांबते. मध्ये मोकळी वेळ ठेवलेली नसेल तर पुढचं सगळं कोसळतं. व्हिडिओची जोडणी ती आधीच तपासते आणि प्रत्येक संचालकाचा फोन नंबर हाताशी ठेवते, कारण लिंक तुटल्यावर ईमेल कुणी वाचत नाही.

गोपनीयतेची जबाबदारी तर फार कमी लोकांना ठाऊक असते. सेबीच्या २०१५च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांनुसार अशी माहिती हाताळणारे सेक्रेटरियल कर्मचारीही ‘डेझिग्नेटेड पर्सन’ ठरू शकतात. मग तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास उलटेपर्यंत तिला स्वतःलाही कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. कॅलेंडरवरच्या नोंदीचं शीर्षकसुद्धा तिला जपून लिहावं लागतं. ते इतरांना दिसू शकतं.

तेव्हा बायोडेटात ‘कॅलेंडर सांभाळले’ न लिहिता असं लिहावं: ‘तीन देशांतल्या सात संचालकांच्या तिमाही बोर्ड मीटिंगची तारीख, व्हिडिओ व्यवस्था आणि कागदपत्रांची गोपनीयता सांभाळली, आउटलुकवर दोन वरिष्ठांचा डेलिगेट अ‍ॅक्सेस.’ अर्थात, आकडे आणि व्यवस्था आपल्या खऱ्या कामातल्याच असाव्यात.