25 कोटी लागले, आता तोंड बंद

सप्टेंबर 2022 मध्ये केरळ सरकारच्या ओणम बंपर लॉटरीचं 25 कोटींचं पहिलं बक्षीस तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागलं. कमी पडलेले पैसे मुलाच्या गल्ल्यातून काढून त्याने 500 रुपयांचं तिकीट घेतलं होतं. निकाल लागला आणि तो टीव्हीवर झळकला. काही दिवसांतच त्याने एक व्हिडिओ करून लोकांना हात जोडले. बक्षिसाची रक्कम अजून हातात पडली नव्हती, पण दारात मदत मागणाऱ्यांची रीघ लागली होती. आजारी मुलाला घेऊन बाहेर पडणं मुश्कील झालं होतं आणि नातेवाइकांच्या घरी लपून राहावं लागत होतं. याहून लहान बक्षीस लागलं असतं तर बरं झालं असतं, असंही तो म्हणाला.

सरकारी निकालात तिकिटाचे क्रमांक छापलेले असतात, विजेत्याचं नाव नसतं. नाव फुटतं ते बहुतेक वेळा आनंदाच्या भरात, नाहीतर विक्रेत्याच्या दुकानातून. ‘पहिलं बक्षीस आमच्याकडे’ ही त्याची जाहिरातच असते. त्यानंतरच्या ख्रिसमस-नववर्ष बंपरच्या 16 कोटींच्या विजेत्याने यातून धडा घेतला असावा. आपलं नाव गुप्त ठेवा, अशी विनंती त्याने लॉटरी खात्याला केली. पेढे नंतरही वाटता येतात.

तोंड बंद ठेवण्याआधी एक खातरजमा मात्र करायला हवी: बक्षीस खरंच लागलंय का? ओणम बंपरची तिकिटं अनेक मालिकांत छापतात, टीए, टीबी, टीसी अशी अक्षरं पुढे लावून. सहा आकडे तेच असले तरी मालिका वेगळी निघाली की पहिल्या बक्षिसाऐवजी उत्तेजनार्थ रक्कम मिळते. 2022 मध्ये ती 5 लाख होती. म्हणून अक्षरं, आकडे, सोडतीचा क्रमांक आणि तारीख हे सगळं राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या निकालाशी ताडून पाहायचं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नये. केरळची लॉटरी फक्त कागदी तिकिटावर चालते. तेव्हा ‘तुमच्या मोबाइल नंबरला बक्षीस लागलंय, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचाच समजावा. खरं बक्षीस देताना कर आधीच कापून घेतात, विजेत्याकडून फी मागत नाहीत.

क्रमांक जुळला की तिकिटाच्या मागे नाव, पत्ता लिहून सही करायची. कोऱ्या तिकिटावर ज्याच्या हातात ते असेल तो हक्क सांगू शकतो. दोन्ही बाजूंच्या प्रती काढून मूळ तिकीट न मोडता, न दुमडता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेलं उत्तम. तिकीट सादर करायला सोडतीपासून 30 दिवस मिळतात. ते थेट लॉटरी कार्यालयात देता येतं किंवा बँकेमार्फत पाठवता येतं. कुठेही दिलं तरी पोच घ्यायलाच हवी. जास्त पैसे देऊन तिकीट विकत मागणारेही या दिवसांत भेटतात. त्यांना काळा पैसा पांढरा करायचा असतो आणि त्या व्यवहारात विजेताही अडकतो.

आता हिशेब. 25 कोटींतून आधी एजंटचं 10 टक्के कमिशन, म्हणजे अडीच कोटी, वजा होतं. उरलेल्या साडेबावीस कोटींवर 30 टक्के कर, म्हणजे 6 कोटी 75 लाख, कापला जातो आणि खात्यात 15 कोटी 75 लाख जमा होतात. बहुतेकांना वाटतं, संपलं! पण एवढ्या उत्पन्नावरचा अधिभार आणि उपकर विजेत्याने स्वतः भरायचा असतो. 2022 च्या दरांनी, म्हणजे करावर 37 टक्के अधिभार आणि वर 4 टक्के उपकर धरून, आणखी सुमारे 2 कोटी 87 लाख द्यावे लागत. हाती राहत 12 कोटी 88 लाख. पुढे नव्या करप्रणालीत अधिभाराची कमाल मर्यादा 25 टक्क्यांवर आली, तरी ही बाकी कोट्यवधींचीच राहते. ज्याने 15 कोटींच्या भरवशावर घर, गाडी आणि भावाचं कर्ज असं सगळं उरकलं, त्याच्या दारात पुढे नोटीस येते.

त्यामुळे पहिला सल्ला सनदी लेखापालाचा घ्यायचा, तोही ठरलेल्या फीवर. अभिनंदन करायला आलेला विमा एजंट किंवा बँकेचा ‘रिलेशनशिप मॅनेजर’ वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याचं कमिशन तो विकतो त्या योजनेत असतं. गुंतवणुकीसाठी सेबीकडे नोंदणी असलेला, फी घेणारा सल्लागार निवडावा. त्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. केरळच्या लॉटरी खात्यानेही पुढे विजेत्यांसाठी पैशाच्या नियोजनाचा वर्ग सुरू केला. तोवर रक्कम मुदत ठेवीत राहू द्यावी आणि कराचा वाटा वेगळ्या खात्यात काढून ठेवावा. बक्षीस लागल्यानंतरच्या अग्रिम कराच्या उरलेल्या हप्त्यांत तो भरला, तर आधीच्या हप्त्यांच्या उशिराचं व्याज लागत नाही. सप्टेंबरअखेर लागलेल्या बक्षिसासाठी हे हप्ते 15 डिसेंबर आणि 15 मार्चला येतात.