बदलीचा खर्च: कलम दाखवा, पावती जोडा

बदलीचा आदेश हातात पडला की माणूस आधी घर शोधतो, मग ट्रक. कंपनीचं बदली धोरण वाचायची आठवण बहुतेकांना पैसे खर्च झाल्यावरच होते. निम्मे दावे इथेच कमजोर होतात, कारण कुठल्या खर्चाला कुठली पावती लागते हे त्या धोरणातच लिहिलेलं असतं.

उदाहरण म्हणून नागपूरहून पुण्याला बदली झालेला एक लेखापाल घेऊ. त्याच्या कंपनीचं धोरण असं: सामान हलवायला प्रत्यक्ष खर्च, पण कमाल ५०,००० रुपये, हॉटेलात १५ दिवसांपर्यंत राहण्याची सोय, रोज ३,००० पर्यंत, घराची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. त्याचा खर्च झाला तो सामानाचा ४६,०००, दहा दिवसांच्या हॉटेलचा २६,००० आणि दलालीचा २२,०००. दावा ९४,००० रुपयांचा. घरमालकाला दिलेलं डिपॉझिट त्यात धरता येत नाही, कारण ते परत मिळणारे पैसे आहेत.

अडचण येते ती सामानाच्या बिलात. मूव्हर्सवाला अनेकदा 'पॅकिंग व वाहतूक, एकूण' एवढी एकच ओळ लिहून देतो. पॅकिंग, वाहतूक, चढ-उतार आणि विमा वेगवेगळे लिहून मागायला हवेत, कारण धोरणात विमा बसत नसला तर तेवढीच रक्कम कापली जाते, सगळं बिल अडकत नाही. बिलावर कर्मचाऱ्याचं नाव, दोन्ही पत्ते, तारीख आणि जीएसटी क्रमांक हवा. हा क्रमांक खरा आहे का, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतं, आणि लेखा विभाग तो तपासतोही. बिलासोबत ट्रकची बिल्टी आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा जोडला की शंकेला जागा उरत नाही. दलालाला रोख देऊन पावती न घेणाऱ्याचे २२,००० मात्र सहसा बुडतात.

अर्ज लांबवू नये. 'बदली आदेश अमुक तारखेचा, धोरणाच्या अमुक कलमानुसार सामान हलवण्याचा खर्च रु. ४६,०००, बिल क्रमांक अमुक' अशा ओळी प्रत्येक खर्चासाठी लिहिल्या की पुरे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना बदली प्रवासभत्त्याचा दावा प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत द्यावा लागतो. खासगी कंपनीची मुदत तिच्या धोरणात पाहावी.

आयकराचाही विचार हवा. प्रवास, पॅकिंग आणि वाहतुकीवर प्रत्यक्ष झालेला खर्च करमुक्त असतो, बदलीनंतरचं हॉटेलही १५ दिवसांपर्यंत. दलालीची भरपाई मात्र पगारात धरून तिच्यावर कर कापला जातो, त्यामुळे हातात ९४,००० पेक्षा कमी आले तर तो हिशेब आधी पाहावा.

दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला, हे ई-मेलवर लेखी मागावं. आणि सही करण्यापूर्वी वसुलीचं कलम नक्की वाचावं: ठरावीक काळात, बऱ्याचदा वर्षभरात, राजीनामा दिल्यास ही रक्कम परत करण्याची अट त्यात असते.