भाड्याचं झेरॉक्स मशीन आणि न काढलेल्या प्रती

भाड्याच्या झेरॉक्स मशीनचा करार करताना सगळी घासाघीस पानाच्या दरावर होते. खरी मेख असते 'किमान मासिक बिला'त.

समजा, एका करसल्लागाराच्या ऑफिसात दर ६० पैसे आणि किमान ३,००० प्रती असं ठरलं. टोनर, ड्रम, दुरुस्ती पुरवठादाराकडे, कागद आपला. जुलैत विवरणपत्रांच्या गर्दीत ६,५०० प्रती निघाल्या, बिल ३,९०० रुपये. ऑगस्टमध्ये १,२०० आणि सप्टेंबरमध्ये १,३०० प्रती निघाल्या, तरी दोन्ही महिन्यांचं बिल १,८०० रुपयेच. म्हणजे ऑगस्टचं पान दीड रुपयाला पडलं! तिमाहीचे झाले ७,५०० रुपये, जीएसटी वेगळा. तीच अट 'तिमाहीला ९,००० प्रती' अशी असती, तर ५,४०० रुपयांत भागलं असतं. ही सवलत मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

दुसरी गोष्ट मीटरची. पाठपोट छपाईत एक कागद गेला तरी मीटर दोन आकडे पुढे जातो. ए-थ्री प्रत बऱ्याच करारांत दोन धरतात. कागद मोजून बिल ताडायला गेलात, तर हिशेब जुळणार नाहीच. मेकॅनिकने काढलेल्या चाचणी प्रतीही मीटरवर चढतात. त्या सर्व्हिस रिपोर्टवर लिहून घ्या आणि बिलातून वजा करायला सांगा.

सही करण्याआधी मागच्या वर्षभरातली कागदाची रिमं मोजा आणि किमान आकडा सर्वांत मंद महिन्याच्या आसपास ठरवा.