एक्स्पायरीच्या दुपारी उरते ती वजाबाकी

एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास निफ्टीची ऑप्शन चेन उघडून बसावं. मधल्या रकान्यात स्ट्राइक, डावीकडे कॉलचे भाव, उजवीकडे पुटचे. सकाळी निफ्टीपासून बऱ्याच लांब असलेल्या स्ट्राइकलाही पाच-दहा रुपये भाव असतो. तीन वाजून गेले की तिथे पाच पैसे दिसू लागतात. भाव खाली आणखी जाऊच शकत नाही, म्हणून तो तिथे थांबलेला असतो.

ऑप्शन समजून घ्यायला हीच वेळ चांगली. एरवी त्याच्या भावात उरलेल्या दिवसांची किंमत मिसळलेली असते, बाजार किती हलेल याचा अंदाजही मिसळलेला असतो. बाजार बंद झाला की हे सगळं गळून पडतं आणि एक साधी वजाबाकी उरते.

समजा, एक्स्पायरीच्या काही दिवस आधी निफ्टी 25,000 वर आहे. 25,000 चा कॉल 200 रुपयांना मिळतोय आणि त्याच स्ट्राइकचा पुट 180 रुपयांना. आकडे समजण्यापुरते गोल केलेत. निफ्टीचा लॉट 2025 मध्ये 75 चा होता, तोच धरू. म्हणजे कॉल घेणाऱ्याचे 15,000 रुपये पहिल्याच दिवशी गेले. हे प्रीमियम, ते परत येत नाही.

कॉलचा हिशेब असा: निफ्टीच्या अंतिम भावातून स्ट्राइक वजा करायची. उत्तर शून्याच्या वर आलं तर तेवढे रुपये मिळतात. खाली आलं तर काही मिळत नाही, पण काही द्यावंही लागत नाही. निफ्टी 25,500 वर बंद झाला तर 500 मिळाले, त्यातले 200 आधीच दिलेले, म्हणून नफा 300. लॉटमागे 22,500 रुपये. 24,600 वर बंद झाला काय किंवा 23,000 वर, नुकसान 200 च.

खरी गंमत मधल्या पट्ट्यात आहे. निफ्टी 25,120 वर बंद झाला. बाजार वर जाणार हा अंदाज बरोबर ठरला, कॉल ‘इन द मनी’ आहे, खात्यात 120 रुपयांच्या हिशेबाने पैसेही येतात. तरीही 80 रुपयांचा तोटा, म्हणजे लॉटमागे 6,000 रुपये. तोटा नको असेल तर निफ्टी 25,200 पर्यंत जायला हवा: स्ट्राइक अधिक प्रीमियम. हा झाला ब्रेक-ईव्हन. ब्रोकरेज आणि कर धरले तर तो थोडा आणखी वर सरकतो.

पुटमध्ये वजाबाकी उलटी: स्ट्राइकमधून अंतिम भाव वजा. निफ्टी 24,600 वर आला तर 400 मिळाले, 180 गेले, 220 उरले. इथला ब्रेक-ईव्हन 24,820. आणि निफ्टी 24,820 ते 25,200 च्या मध्ये कुठेही बंद झाला, तर कॉल घेणारा आणि पुट घेणारा दोघेही तोट्यात.

मग पैसे गेले कुठे? ऑप्शन विकणाऱ्याकडे, म्हणजे रायटरकडे. त्याचा आलेख खरेदीदाराच्या आलेखाचं उलटं रूप असतो. 25,120 ला कॉल घेणाऱ्याचे जे 80 गेले, तेच त्याचे कमावलेले 80. पण त्याची कमाई 200 वर थांबते आणि निफ्टी 26,000 वर गेला तर त्याला 800 रुपयांचा फटका बसतो. कॉल रायटरच्या तोट्याला वरून मर्यादा नाही, म्हणून त्याच्याकडून मार्जिन घेतलं जातं.

आता तो ‘अंतिम भाव’. साडेतीनच्या ठोक्याला पडद्यावर दिसलेला आकडा तो नव्हे. या हिशेबात निफ्टीचा बंद भाव त्यातल्या शेअरच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या भारित सरासरी भावांवरून निघतो. शेवटच्या दोन मिनिटांत निफ्टीने 25,000 च्या वर उडी मारली, पण आधीची अठ्ठावीस मिनिटं तो 24,960 च्या आसपास रेंगाळला असेल, तर सरासरी 25,000 च्या खालीच राहील आणि कॉल शून्यावर संपेल. त्यामुळे स्ट्राइकच्या अगदी काठावर असताना हातातला ऑप्शन बाजार चालू असतानाच विकून मोकळं होणं बरं.

एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. निफ्टीच्या ऑप्शनचा हिशेब पैशांत मिटतो. एखाद्या कंपनीच्या शेअरचा ऑप्शन एक्स्पायरीला ‘इन द मनी’ राहिला तर शेअरची प्रत्यक्ष देवघेव होते: कॉल घेतला असेल तर पूर्ण लॉटचे पैसे भरून शेअर घ्यावे लागतात, पुट घेतला असेल तर शेअर द्यावे लागतात. काही हजारांचं प्रीमियम भरून घेतलेल्या कॉलमागे मग काही लाख रुपये उभे करायची वेळ येते.