पंधरा मिनिटांसाठी एक पत्र

मोठ्या कंपन्यांच्या सीईओंचा दिवस नेमका कुठं जातो, हे पाहण्यासाठी हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल पोर्टर आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नितीन नोहरिया यांनी २००६ मध्ये एक अभ्यास सुरू केला. २७ सीईओंच्या प्रत्येकी तेरा आठवड्यांची, रात्रंदिवस, दर पंधरा मिनिटांची नोंद त्यांनी जमवली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याला सरासरी ३७ बैठका, आणि कामाचा ७२ टक्के वेळ त्या बैठकांत गेलेला. ही सगळी नोंद ठेवली होती सीईओंच्या एक्झिक्युटिव्ह असिस्टंटनी, म्हणजे ईएंनी.

साहेबांचा पाव तास कुठं मोकळा आहे, हे साहेबांपेक्षा ईएला जास्त माहीत असतं. भारतात ईए हे अनेकदा व्यवस्थापनातलं वजनदार पद असतं. टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन एकेकाळी टीसीएसमध्ये एस. रामदोराई यांचे ईए होते. त्यामुळे ‘साहेबांना निरोप द्या’ अशा थाटात लिहिलेलं पत्र चुकीच्या समजुतीवरच उभं असतं. त्या पत्राची पहिली वाचक ईए असते, आणि बहुतेक वेळा निर्णयही तिचाच.

समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एक लघुउद्योजक पुण्याच्या वाहन कंपनीला रबरी सील पुरवतो. क्वालिटी विभागानं सीलचा नवा नमुना मंजूर केला आहे, पण खरेदी विभागाच्या ऑर्डरी अजून जुन्याच नमुन्याच्या येत आहेत. दोन्ही विभागांच्या वर एकच माणूस आहे, एमडी. अशा वेळी ईएला जाणारं पत्र साधारण असं हवं. विषयाच्या ओळीत : ‘१५ मिनिटांची विनंती – रबरी सील, नवा की जुना, ३० तारखेपूर्वी निर्णय’. आणि खाली :

“नमस्कार मॅडम, आमचा कारखाना ११ वर्षं आपल्या कंपनीला सील पुरवतो. नवा नमुना क्वालिटीनं मंजूर केला आहे, खरेदी विभागाची ऑर्डर जुन्याची आहे. दोन्ही विभागप्रमुखांशी बोललो. हा निर्णय एमडी साहेबांनीच घ्यावा, असं दोघांचंही म्हणणं आहे. आमचा जुना साचा ३० तारखेला मोडीत जाणार आहे. १५ मिनिटं पुरतील. १२ ते १५ तारखेदरम्यान सकाळी कधीही पुण्यात येऊ शकतो. साहेब प्रवासात असताना फोनवर बोलणंही चालेल. एका पानाची टिपणी जोडली आहे. हे दुसऱ्या कोणाकडे जावं असं आपल्याला वाटलं, तर तसं कळवावं.”

प्रत्यक्षात असा मेल बहुधा इंग्रजीत जातो, पण बांधणी हीच. ईए आणि साहेब कॅलेंडर घेऊन बसतात, तेव्हा एकेका विनंतीच्या वाट्याला एखादंच वाक्य येतं. या पत्रात ते वाक्य तयार आहे : नवा की जुना, ३० तारखेच्या आत. एमडीच का, याचं उत्तरही आहे. ते नसेल तर पत्र मुकाट्यानं खालच्या अधिकाऱ्याकडे जातं. विभागप्रमुखांचा उल्लेख तर फार मोलाचा. ईए सगळ्यात आधी त्यांनाच फोन लावून खातरजमा करते, आणि तिथं ‘आम्हाला काहीच माहीत नाही’ असं ऐकू आलं की प्रकरण संपतं.

‘विषय गोपनीय आहे, समक्षच सांगेन’ या वाक्यानं सर्वाधिक पत्रं बाद होतात. कशासाठी ते न कळता साहेबांचा वेळ देणं म्हणजे ईएनं स्वतःची पत पणाला लावणं. विषय खरोखरच नाजूक असेल, तर निदान तो कशाबद्दल आहे, पैसा, माणसं की कायदा, एवढं तरी सांगावं. ‘आपल्या सोयीनं कधीही’ हे नम्र वाटतं, पण त्यामुळे तारखा जुळवण्याची खटपट तिच्याच गळ्यात पडते. ईएला पत्र पाठवून त्याच दिवशी साहेबांना व्हॉट्सॲप करणं ही तिसरी चूक. दोघांची दोन उत्तरं आली, तर अडचण ईएची होते आणि ती लक्षात राहते.

उत्तरादाखल प्रश्न आले, तर ते शुभचिन्ह मानावं. वेळ कुठं बसवायची, याचा विचार सुरू झालेला असतो. ‘कळवतो’ एवढंच आलं आणि तारीख नसेल, तर चार-पाच कामाचे दिवस थांबून त्याच मेलवर एकदा दोन ओळींची आठवण द्यावी. अनेकदा ईए टिपणी साहेबांपुढे ठेवते, ‘नवा’ एवढं उत्तर मिळवते आणि भेट होतच नाही. नाशिकच्या त्या उद्योजकाचं काम तेवढ्यानंही होतं.

भेट मिळाली तरी ती एकदा-दोनदा पुढे सरकेल. दारात गेल्यावर पंधराची आठ मिनिटंही होतील, म्हणून प्रश्न पहिल्याच वाक्यात विचारावा आणि कारखान्याचा इतिहास टिपणीतच राहू द्यावा. संध्याकाळी ईएला दोन ओळी जाव्यात : काय ठरलं आणि पुढचं काम कोणाकडे आहे. खरेदी विभागाकडे त्या निर्णयाचा पाठपुरावा बहुधा तिलाच करायचा असतो.