यूपीआय फ्रॉडवरच्या व्हिडिओचं टायटल आणि डिस्क्रिप्शन कसं लिहाल?

यूपीआय फ्रॉडबद्दल सावध करणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकताय? मग टायटलमध्ये ‘असा करतात फ्रॉड’ लिहू नका. त्याने पद्धत शोधणारेही येतात. ज्याला आत्ताच संशयास्पद फोन आलाय, तो काय सर्च करेल ते लिहा: ‘पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन मागतायत? थांबा!’ मोबाइलवर लांब टायटल कापलं जातं, म्हणून धोक्याची खूण सुरुवातीलाच हवी.

डिस्क्रिप्शन पूर्ण उघडण्याआधी त्याचा थोडाच भाग दिसतो. तिथे मदत द्या: ‘पैसे गेले? लगेच १९३० वर कॉल करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.’ तक्रार लवकर झाली, तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता जास्त.

त्याखाली फक्त खुणा द्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, अनोळखी माणूस स्क्रीन शेअर करायला सांगतो, विचार करायला वेळच देत नाही. समोरचा नेमकं काय बोलतो, कोणतं अ‍ॅप वापरतो, हे नको. एखादी ओळ वाचून कुणाला फसवता येईल असं वाटलं, तर ती काढा.

आणि १९३० व्हिडिओतही दाखवा. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, की डिस्क्रिप्शन मागेच राहतं.